एक आज्ञा, तेरा टी-स्टेट: ८०८५ मधील वेळेचा हिशेब

"मेमरीत `2010H` या पत्त्यापासून `STA 4050H` ही आज्ञा साठवलेली आहे. तिचा टायमिंग डायग्राम काढा आणि क्लॉक ३ मेगाहर्ट्झ असताना तिला लागणारा वेळ काढा." महाराष्ट्रात बारावीच्या संगणकशास्त्राला ८०८५ आहे, पुढे इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमातही तो भेटतो, आणि या वळणाचा प्रश्न विद्यार्थ्याला कधी ना कधी सोडवावा लागतो. उत्तराचा आकडा छोटा आहे: चार मशीन सायकली, तेरा टी-स्टेट, ४.३३ मायक्रोसेकंद. बहुतेक जण हे तेरा पाठ करतात, आणि परीक्षेत `STA` ऐवजी `LHLD` किंवा `INR M` आली की अडतात. वास्तविक हा आकडा पाठ करण्याची गरज नाही. आज्ञा पूर्ण करण्यासाठी प्रोसेसरला बसवरून किती वेळा मेमरीकडे किंवा पोर्टकडे जावे लागते, एवढे मोजता आले की टी-स्टेटची संख्या जवळजवळ आपोआप मिळते. जिथे ती तशी मिळत नाही, तिथे कारण शोधण्यासारखे असते.

इंटेलने ८०८५ बाजारात आणला तो १९७६ मध्ये. त्याच्या आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज आणि क्लॉक तयार करणारी वेगळी चिप लागत असे. ८०८५ एकट्या ५ व्होल्टवर चालतो आणि क्लॉकचे मंडल त्याच्या पोटातच आहे. बाहेर दोन पिनांवर क्रिस्टल जोडायचा एवढेच काम उरते. मात्र प्रोसेसर त्या क्रिस्टलच्या वारंवारतेला आत दोनाने भागतो. ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर क्लॉक ३ मेगाहर्ट्झचा मिळतो आणि त्या क्लॉकच्या एका पूर्ण आवर्तनाला सुमारे ३३३ नॅनोसेकंद लागतात. या एका आवर्तनालाच टी-स्टेट म्हणतात. प्रश्नात "क्रिस्टल ६ मेगाहर्ट्झ" असे लिहिले असताना थेट ६ ने भागणे ही उत्तरपत्रिकांतली नेहमीची चूक आहे. तिच्यामुळे सगळे उत्तर बरोबर निम्मे येते. म्हणून प्रश्नात दिलेला आकडा क्रिस्टलचा आहे की क्लॉकचा, हे सर्वांत आधी पाहावे.

टी-स्टेट हे वेळेचे सर्वांत लहान माप झाले. त्याच्या वरची पायरी म्हणजे मशीन सायकल. प्रोसेसरने बसवरून एक बाइट आणण्याचे किंवा पाठवण्याचे एक काम पूर्ण करणे म्हणजे एक मशीन सायकल. आणि एक आज्ञा आणून, ओळखून, पूर्ण अंमलात आणायला लागणारा सगळा काळ म्हणजे इन्स्ट्रक्शन सायकल. ८०८५ मध्ये कोणतीही आज्ञा कमीत कमी एका आणि जास्तीत जास्त पाच मशीन सायकलींत संपते. यातली पहिली मशीन सायकल नेहमी ऑपकोड फेचची असते, कारण हातात आलेली आज्ञा कोणती आहे हे कळल्याशिवाय पुढे काय करायचे हे ठरूच शकत नाही.

आता एका मशीन सायकलीला तीन टी-स्टेट का लागतात ते पाहू, कारण साऱ्या हिशेबाचा पाया तिथे आहे. ८०८५ ला ४० पिना आहेत. सोळा बिटांचा पत्ता आणि आठ बिटांचा डेटा यांना स्वतंत्र वाटा द्यायच्या तर २४ पिना त्यातच गेल्या असत्या. म्हणून पत्त्याचा खालचा अर्धा भाग आणि डेटा यांना त्याच आठ रेषा दिल्या आहेत आणि त्या दोघांनी आळीपाळीने वापरायच्या आहेत. पहिल्या टी-स्टेटमध्ये, म्हणजे टी१ मध्ये, प्रोसेसर पत्त्याचा वरचा बाइट त्याच्या स्वतंत्र रेषांवर आणि खालचा बाइट या सामाईक रेषांवर ठेवतो. त्याच वेळी एएलई नावाचा संकेत उंच जातो आणि टी१ संपण्याआधीच खाली येतो. तो खाली येताना बाहेरची लॅच चिप, बहुधा ७४एलएस३७३, खालचा बाइट पकडून ठेवते. पुढे सामाईक रेषांवर काहीही घडले तरी मेमरीला लॅचमधून पूर्ण पत्ता मिळत राहतो.

टी२ मध्ये प्रोसेसर सामाईक रेषा सोडून देतो आणि वाचायचे असेल तर रीडची रेषा खाली ओढतो. ती खाली गेली की मेमरी आपला बाइट त्या रेषांवर ठेवण्याच्या तयारीला लागते. ऑपकोड किंवा आज्ञेचा पुढचा बाइट आणला जात असेल तर प्रोग्रॅम काउंटर याच सुमारास एकाने पुढे सरकतो. शिवाय याच टी२ मध्ये प्रोसेसर रेडी नावाच्या पिनकडे एकदा पाहून घेतो. त्याचे कारण पुढे येईल. टी३ मध्ये मेमरीने ठेवलेला बाइट प्रोसेसर आत घेतो आणि रीडची रेषा पुन्हा वर जाते. पत्ता द्या, वाट मोकळी करा, बाइट घ्या, असे हे तीन टप्पे आहेत आणि म्हणून टी-स्टेटही तीन आहेत. मेमरीत लिहिताना, पोर्टवरून वाचताना आणि पोर्टवर लिहिताना हाच क्रम असतो, फक्त रीडच्या जागी गरजेप्रमाणे राइटची रेषा येते.

ऑपकोड फेचला मात्र एक चौथा टी-स्टेट लागतो. टी३ मध्ये आत आलेला बाइट डेटा नसून आज्ञेचा सांकेतिक क्रमांक असतो. तो इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये जातो आणि टी४ मध्ये प्रोसेसर तो उलगडून पुढच्या मशीन सायकली किती आणि कोणत्या हे ठरवतो. या टी४ मध्ये बसवर काहीच चाललेले नसते. पत्त्याच्या वरच्या रेषांवर तेव्हा काय असेल याची खात्री इंटेल देत नाही, म्हणून डायग्राममध्येही तो भाग अनिश्चित म्हणूनच दाखवतात.

एवढी सामग्री घेऊन मूळ प्रश्नाकडे जाऊ. `STA 4050H` म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमधील बाइट `4050H` या पत्त्यावर ठेव. ही तीन बाइटांची आज्ञा आहे. `2010H` वर तिचा ऑपकोड `32H`, `2011H` वर पत्त्याचा खालचा बाइट `50H` आणि `2012H` वर वरचा बाइट `40H` आहे. इंटेलच्या पद्धतीत खालचा बाइट आधी येतो. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये `4AH` आहे असे धरू.

पहिल्या मशीन सायकलीत प्रोसेसर `2010H` हा पत्ता बाहेर ठेवतो, तिथला `32H` आत घेतो आणि टी४ मध्ये त्याला कळते की पत्त्याचे दोन बाइट अजून आणायचे आहेत आणि नंतर एकदा लिहायचे आहे. इथे चार टी-स्टेट गेले. दुसऱ्या मशीन सायकलीत `2011H` वरचा `50H` वाचला जातो. तो कोणत्याही नेहमीच्या रजिस्टरमध्ये न जाता झेड या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये ठेवला जातो, जे प्रोग्रॅमरला दिसत नाही आणि वापरताही येत नाही. तिसऱ्या मशीन सायकलीत `2012H` वरचा `40H` त्याच्या जोडीच्या डब्ल्यू रजिस्टरमध्ये जातो. या दोन्ही मेमरी रीडच्या मशीन सायकली आहेत आणि प्रत्येकीला तीन टी-स्टेट लागतात. चौथ्या मशीन सायकलीत पत्ता प्रोग्रॅम काउंटरमधून न येता डब्ल्यू-झेड जोडीतून येतो: `4050H`. राइटची रेषा खाली जाते आणि सामाईक रेषांवरून `4AH` मेमरीत लिहिला जातो. ही मेमरी राइटची मशीन सायकल, तिलाही तीन टी-स्टेट लागतात. बेरीज ४ + ३ + ३ + ३ = १३, आणि १३ ला ३ मेगाहर्ट्झने भागले की ४.३३ मायक्रोसेकंद.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज्ञेत तीन बाइट आहेत म्हणून मशीन सायकली तीन, असा समज बऱ्याच जणांचा असतो. बाइटांची संख्या फक्त आज्ञा आणायला किती फेऱ्या लागतील हे सांगते. आज्ञेने सांगितलेल्या कामासाठी जी फेरी होते ती त्यात धरलेली नसते. `MOV A,M` एकाच बाइटची आहे, पण मेमरीतून एक बाइट वाचायचा असल्याने तिला दोन मशीन सायकली, सात टी-स्टेट लागतात. `INR M` सुद्धा एका बाइटची आहे, पण तिथला बाइट वाचून, एकाने वाढवून परत लिहायचा असतो, म्हणून ४ + ३ + ३ असे दहा. `LHLD` तीन बाइटांची आहे आणि दोन बाइट मेमरीतून आणते, म्हणजे एकूण पाच मशीन सायकली आणि सोळा टी-स्टेट. पहिल्या फेरीला चार आणि पुढच्या प्रत्येक फेरीला तीन, हा नियम धरून अशा बहुतेक आज्ञांचे उत्तर परीक्षेच्या कागदावरच काढता येते.

डायग्राम काढताना गुण सहसा दोन ठिकाणी जातात. पहिले ठिकाण म्हणजे सामाईक रेषा. वाचण्याच्या मशीन सायकलीत टी१ मधला पत्ता संपल्यावर आणि मेमरीचा बाइट येण्याआधी थोडा काळ त्या रेषांवर कोणाचाच ताबा नसतो. प्रोसेसरने त्या सोडलेल्या असतात आणि मेमरीने अजून घेतलेल्या नसतात. हा काळ तुटक रेषेने दाखवायलाच हवा. लिहिण्याच्या मशीन सायकलीत मात्र पत्ता ठेवणाराही प्रोसेसर आणि डेटा ठेवणाराही प्रोसेसरच असतो, रेषा दुसऱ्याच्या हाती द्यायच्याच नसतात; म्हणून तिथे पत्त्यानंतर लगेच डेटा येतो आणि मध्ये तुटक रेषा काढायची नसते. `STA` च्या डायग्राममध्ये पहिल्या तीन मशीन सायकलींत ती तुटक रेषा असली पाहिजे आणि चौथीत नसली पाहिजे. एवढ्यावरून उत्तर समजून लिहिले आहे की चित्र पाठ करून उतरवले आहे हे तपासणाऱ्याला कळते.

दुसरे ठिकाण म्हणजे स्थितिदर्शक संकेत. आयओ/एम ही रेषा मेमरीशी व्यवहार असताना ० आणि पोर्टशी असताना १ असते. तिच्या जोडीला एस१ आणि एस० या दोन रेषा असतात. ऑपकोड फेचला त्या १ आणि १, वाचण्याला १ आणि ०, लिहिण्याला ० आणि १ असतात. म्हणून `STA` च्या चार मशीन सायकलींत या जोडीचा क्रम ११, १०, १०, ०१ असा येतो आणि आयओ/एम शेवटपर्यंत ० राहते. हे संकेत प्रत्येक मशीन सायकलीच्या टी१ मध्येच बदलतात, अधेमधे नाही.

आता अपवादांकडे वळू. काही आज्ञांच्या ऑपकोड फेचला चारऐवजी सहा टी-स्टेट लागतात. `INX` आणि `DCX`, `PUSH`, `CALL`, `RST`, `PCHL`, `SPHL` आणि अटीवर परतणाऱ्या `RNZ` सारख्या आज्ञा या गटात मोडतात. यांतल्या बहुतेकींत एक समान धागा आहे: सोळा बिटांची पूर्ण रजिस्टरजोडी एकदम हलवायची किंवा एकाने बदलायची असते आणि ते काम बसवरच्या व्यवहारात बसत नाही. `PUSH` मध्ये पहिला बाइट लिहिण्याआधीच स्टॅक पॉइंटर एकाने कमी व्हावा लागतो, कारण जो पत्ता बाहेर ठेवायचा तोच त्यावरून ठरतो. त्यासाठी टी५ आणि टी६ दिलेले आहेत. मग `PUSH` चे टी-स्टेट ६ + ३ + ३ म्हणजे बारा होतात आणि `CALL` चे, दोन बाइट वाचून दोन बाइट स्टॅकवर लिहायचे असल्यामुळे, ६ + ३ + ३ + ३ + ३ म्हणजे अठरा.

दुसरा अपवाद `DAD` चा. ही एका बाइटची आज्ञा आहे, मेमरीतून काही वाचत नाही, काही लिहीत नाही, तरीही तिला दहा टी-स्टेट लागतात. फेऱ्यांच्या नियमाने उत्तर चार यायला हवे. पण सोळा बिटांची बेरीज आठ बिटांच्या अंकगणित विभागातून एका दमात होत नाही. आधी खालच्या बाइटांची, मग हातच्यासह वरच्या बाइटांची करावी लागते. त्यासाठी तीन-तीन टी-स्टेटच्या दोन मशीन सायकली खर्च होतात. त्यांना बस आयडल म्हणतात, कारण त्या काळात रीड आणि राइट या दोन्ही रेषा वरच राहतात.

यावर चिकित्सक विद्यार्थी विचारतो की मग `ADD B` चारच टी-स्टेटमध्ये कशी संपते, बेरीज तर तिथेही करायची आहे. प्रश्न रास्त आहे. टी४ मध्ये आज्ञा उलगडते आणि बेरजेला लागणारी सामग्री जागच्या जागी पोचते. प्रत्यक्ष बेरीज होऊन उत्तर अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये पडते ते पुढच्या आज्ञेचा ऑपकोड आणला जात असताना. त्या वेळी बस गुंतलेली असते पण अंकगणित विभाग रिकामा असतो, त्यामुळे हे काम वेगळा वेळ न घेता उरकते. परीक्षेला सहसा हे विचारत नाहीत, पण कोष्टकातला "४" खरा कसा असू शकतो याचे उत्तर इथे आहे.

अटीच्या आज्ञांना कोष्टकात दोन आकडे असतात. `JNZ` ला ७/१० दिलेले असते. उडी घ्यायची असेल तर पत्त्याचे दोन्ही बाइट वाचावे लागतात: ४ + ३ + ३. उडी घ्यायची नसेल तर ८०८५ एक बाइट वाचतो आणि दुसरा न वाचताच पुढे जातो: ४ + ३. हा तीन टी-स्टेटचा फरक किरकोळ वाटतो, पण काही मिनिटांत सोडवायच्या गणितात तोच घात करतो. ते गणित म्हणजे विलंबाचा लूप.

३ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर बरोबर एक मिलिसेकंद थांबायचे आहे. एक मिलिसेकंद म्हणजे ३००० टी-स्टेट. प्रोग्रॅम असा:

```
        MVI C, 0D6H   ; 7
LOOP:   DCR C         ; 4
        JNZ LOOP      ; 10/7
```

`DCR C` ला ४ आणि उडी घेणाऱ्या `JNZ` ला १०, म्हणजे लूपच्या एका फेऱ्याला १४ टी-स्टेट लागतात. `C` मध्ये आरंभी N हा आकडा असेल तर लूप N वेळा फिरतो, मात्र शेवटच्या फेऱ्यात उडी घेतली जात नाही आणि तिथे तीन टी-स्टेट वाचतात. सुरुवातीचे `MVI` चे ७ धरून एकूण टी-स्टेट = 7 + 14N − 3 = 14N + 4. हे ३००० बरोबर ठेवले की N = 2996 ÷ 14 = 214 येतो. नशिबाने भागाकार नि:शेष जातो. २१४ म्हणजे सोळाच्या पायात `D6`. आकडा अक्षराने सुरू होत असल्यामुळे असेंब्लरमध्ये त्याआधी शून्य लिहावे लागते. शेवटचे तीन वजा करायला विसरल्यास उत्तर एका मायक्रोसेकंदाने चुकते. एवढी चूक प्रत्यक्षात क्वचितच अडते, पण हे वजा तीन परीक्षकाला लिहिलेले दिसायला हवे असते.

हाच लूप सबरुटीन म्हणून वापरायचा असेल तर त्याला बोलावणाऱ्या `CALL` चे १८ आणि शेवटी येणाऱ्या `RET` चे १० टी-स्टेट वाढतात, म्हणजे एकूण २८. लूपच्या दोन फेऱ्यांचेही नेमके २८ होतात. तेव्हा N दोनाने कमी करून २१२, म्हणजे `0D4H`, ठेवले की `CALL` पासून `RET` पर्यंतचा वेळ पुन्हा बरोबर ३००० टी-स्टेट होतो. प्रश्नात "एक मिलिसेकंदाचे सबरुटीन लिहा" असे असेल तर `CALL` आणि `RET` धरले आहेत की नाहीत हे उत्तरात एका वाक्यात सांगून टाकावे.

या पद्धतीने जास्तीत जास्त किती थांबता येते? `C` आठ बिटांचे आहे. त्यात `FFH` ठेवल्यास २५५ फेरे होतात, पण सर्वांत मोठा विलंब `00H` ठेवल्यावर मिळतो: पहिल्याच `DCR` ला शून्याचे `FFH` होते, शून्याची खूण उठत नाही आणि लूप २५६ वेळा फिरतो. ते ३५८८ टी-स्टेट म्हणजे सुमारे १.२ मिलिसेकंद झाले. याहून मोठ्या विलंबासाठी रजिस्टरजोडी घ्यावी लागते आणि तिथे एक सापळा आहे. `DCX B` जोडीतून एक वजा करते, पण कोणतीही फ्लॅग बदलत नाही. तिच्यामागे थेट `JNZ` लिहिले तर प्रोसेसर आधीच्या कुठल्यातरी आज्ञेने ठेवलेली शून्याची खूण तपासतो; मग लूप एक तर पहिल्याच फेऱ्यात संपतो किंवा कधीच संपत नाही. बोर्ड गोठल्यासारखा दिसतो तो यामुळे. म्हणून मध्ये दोन आज्ञा घालतात:

```
        LXI B, 0FFFFH ; 10
LOOP:   DCX B         ; 6
        MOV A, C      ; 4
        ORA B         ; 4
        JNZ LOOP      ; 10/7
```

`C` आणि `B` यांचा ऑर घेतल्यावर दोन्ही शून्य असतील तरच उत्तर शून्य येते आणि फ्लॅगही नीट बसते. एका फेऱ्याचे २४ टी-स्टेट, फेरे ६५,५३५, एकूण २४ × ६५,५३५ + १० − ३ = १५,७२,८४७, म्हणजे ३ मेगाहर्ट्झवर सुमारे ०.५२४ सेकंद. अ‍ॅक्युम्युलेटरमधील जुना आकडा यात पुसला जातो, तेव्हा तो हवा असल्यास आधी जपून ठेवावा.

हे आकडे ८०८५ चे आहेत, त्याच्या कुटुंबातल्या सगळ्या चिपांचे नाहीत. ८०८० वर `DCR C` ला ५ टी-स्टेट लागतात आणि `JNZ` ला उडी घेतली काय न घेतली काय, नेहमी १०. तिथे आपला पहिला लूप 15N + 7, म्हणजे N = 214 साठी ३२१७ टी-स्टेट घेतो आणि २ मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर सुमारे १.६१ मिलिसेकंद थांबतो. ऑपकोड तेच, प्रोग्रॅम तोच, वेळ मात्र दीडपटीहून जास्त. म्हणून दुसऱ्या प्रोसेसरच्या पुस्तकातले कोष्टक उत्तरात वापरू नये.

राहिली रेडी पिनची गोष्ट. ८०८५ए या चिपला कमीत कमी ३२० नॅनोसेकंदांचा टी-स्टेट चालतो. त्या वेगाने पत्ता ठेवल्यापासून बाइट बसवर येईपर्यंत मेमरीला ५७५ नॅनोसेकंद मिळतात. ४५० नॅनोसेकंदांची २७१६ ईप्रॉम यात आरामात बसते. पण मेमरी याहून मंद असेल, किंवा लॅच आणि डिकोडर चिपांमध्येच बराच वेळ जात असेल, तर टी३ मध्ये प्रोसेसर जो बाइट घेईल तो चुकीचा असू शकतो. अशा वेळी बाहेरचे मंडल टी२ मध्ये रेडी पिन खाली ठेवते. प्रोसेसर टी३ मध्ये न जाता एक वेट-स्टेट घेतो. त्यात पत्ता, रीड, स्थितिदर्शक संकेत सगळे जसेच्या तसे राहतात आणि मेमरीला आणखी एक पूर्ण टी-स्टेट मिळतो. रेडी वर येईपर्यंत असे कितीही वेट-स्टेट पडू शकतात.

समजा प्रत्येक मशीन सायकलीत एक वेट-स्टेट घालणाऱ्या बोर्डवर आपला एक मिलिसेकंदाचा लूप चालवला. `MVI` ला दोन मशीन सायकली असल्याने तिचे ७ चे ९ होतात. `DCR` चे ४ चे ५ होतात. उडी घेणाऱ्या `JNZ` चे तीन मशीन सायकलींमुळे १३ आणि न घेणाऱ्याचे ९. लूपचा फेरा आता १८ चा झाला आणि शेवटच्या फेऱ्यात चार वाचतात: 9 + 18 × 214 − 4 = 3857. एका पोर्टची पिन विलंबाच्या आधी वर आणि नंतर खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहिले तर एक मिलिसेकंदाऐवजी सुमारे १.२९ मिलिसेकंदाचा पल्स दिसेल. पोर्टवर लिहिणाऱ्या `OUT` चे काही मायक्रोसेकंद त्यात मिसळलेले असतात, ते वजा करावेत. असा पल्स दिसला की आधी क्रिस्टलवर संशय घेतला जातो. क्रिस्टल वेगळा असेल तर मात्र क्लॉक-आउट पिनवरची वारंवारताही बदललेली असते. तिथे ३ मेगाहर्ट्झच दिसत असतील आणि पल्स प्रत्येक वेळी तेवढाच लांब येत असेल, तर वेट-स्टेट पडत आहेत असे समजावे. पल्सची लांबी दर वेळी वेगळी येत असेल तर कारण बहुधा इंटरप्ट असतो, कारण त्याच्या सेवेत गेलेले टी-स्टेट लूपच्या हिशेबात कुठेच नसतात. विलंबापुरते `DI` वापरून ते टाळता येतात, फक्त ट्रॅप सोडून, कारण तो `DI` ला जुमानत नाही.

३८५७ मधून ३००० वजा केले की ८५७ उरतात. लूपमधल्या मशीन सायकली मोजून पाहाव्यात: `MVI` च्या २, `DCR` च्या २१४, उडी घेणाऱ्या २१३ `JNZ` च्या ६३९ आणि शेवटच्या `JNZ` च्या २. त्यांची बेरीजही ८५७ च येते, कारण प्रत्येक मशीन सायकलीने नेमका एक टी-स्टेट जास्त घेतलेला आहे.